दोन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या

पगाराच्या दिवशी आपण काय पाहतो? हाती किती पडले, तेवढेच पाहतो. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतो. पुढे ती धुण्यात भिजून जाते. पण चिठ्ठी एकटी असली तर फारसे सांगत नाही. मागच्या महिन्याची चिठ्ठी तिच्या शेजारी ठेवली, की ती बोलू लागते. ते कसे, हे आज आपण शिकू.

एका साखर कारखान्यात एक कायम कामगार आहेत. फिटरचे काम करतात. त्यांना आपण फिटरभाऊ म्हणू. जानेवारीत त्यांच्या हाती १९,११० रुपये आले. फेब्रुवारीत १८,३१० रुपये आले. आठशे रुपये कमी आले. खाडा तर एकही नाही. मग हे आठशे गेले कुठे?

फिटरभाऊंनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. आधी वरच्या ओळी पाहिल्या. नाव बरोबर आहे ना? महिना कोणता? भरलेले दिवस किती? हे आधी पाहावे लागते. बिनपगारी खाडा पडला असेल, तर मूळ पगार, महागाई भत्ता आणि त्यांवरचा फंड, हे सारे मिळूनच खाली येते. तसे झाले असेल तर प्रत्येक ओळीवर भांडू नये, खाड्याचा दिवसच तपासावा. फिटरभाऊंचे दिवस पूर्ण भरले होते.

मग त्यांनी वहीत दोन महिने समोरासमोर लिहून काढले. आधी मिळणारी रक्कम, मग कपात.

मिळणारी रक्कम (जानेवारी, मग फेब्रुवारी)
मूळ पगार : १५,००० — १५,०००
महागाई भत्ता : ७,००० — ७,०००
घरभाडे भत्ता : १,१०० — १,१००
धुलाई भत्ता : १५० — काही नाही
रात्रपाळी भत्ता : २०० — १५०
एकूण : २३,४५० — २३,२५०

कपात (जानेवारी, मग फेब्रुवारी)
भविष्य निर्वाह निधी : २,६४० — २,६४०
व्यवसाय कर : २०० — ३००
पतसंस्थेचा हप्ता : १,५०० — २,०००
एकूण : ४,३४० — ४,९४०

आता बघा. जिथे दोन्ही आकडे सारखे, तिथे बरोबरची खूण करायची. जिथे फरक, तिथे फुली मारायची. फिटरभाऊंच्या वहीत चार फुल्या पडल्या. वरच्या भागात २०० रुपये कमी आले. खालच्या भागात ६०० रुपये जास्त कापले. दोन्ही मिळून ८००. हिशोब जुळला. तो जुळला नसता, तर एखादी ओळ नजरेतून सुटली असे समजायचे.

पण प्रत्येक फुली म्हणजे चूक नव्हे. फुलीचे कारण शोधायचे असते. आपण एकेक फुली घेऊ.

रात्रपाळी भत्ता ५० रुपयांनी घटला. फिटरभाऊ रात्रपाळीच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात. जानेवारीत आठ रात्री झाल्या होत्या, फेब्रुवारीत सहा. एका रात्रीचे २५ रुपये. सहा रात्रींचे १५० झाले. म्हणजे हे बरोबर आहे. तारखा लिहिलेल्या नसत्या, तर हे कळले नसते.

व्यवसाय कर १०० रुपयांनी वाढला. हा कर राज्य सरकारचा. महाराष्ट्रात दहा हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुष कामगाराकडून दरमहा २०० रुपये घेतात आणि फेब्रुवारीत ३०० घेतात. वर्षाचे २,५०० होतात. पगार पंचवीस हजारांपर्यंत असला, तर बाईमाणसाला हा कर नाही. तेव्हा हेही बरोबर आहे. मार्चमध्ये मात्र तो पुन्हा २०० वर यायला हवा. असेच जून आणि डिसेंबरच्या चिठ्ठीत कामगार कल्याण निधीची एक लहान रक्कम दिसते. ती वर्षातून दोनदाच येते, म्हणून तिला पाहून दचकू नये.

निधीची ओळ सारखीच होती, तरी फिटरभाऊंनी ती पडताळली. त्यांच्या कारखान्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेवर शेकडा १२ रुपये कापतात. बेरीज २२,०००, म्हणजे शेकडे २२०. दोनशे वीस गुणिले बारा, २,६४०. बरोबर आले.

दोन फुल्या उरल्या. धुलाई भत्ता आला नाही आणि पतसंस्थेचा हप्ता ५०० रुपयांनी वाढला. यांचे कारण घरी बसून कळणार नाही. ते विचारावे लागते. म्हणून जे समजले ते अर्जात लिहायचे नाही. जे समजले नाही, तेवढेच लिहायचे. “माझे पैसे खाल्ले” असेही लिहायचे नाही. महिना, ओळ, आकडा आणि प्रश्न, एवढे पुरे. फिटरभाऊंनी असा अर्ज लिहिला :

“पगार विभाग यांस,
माझ्या जानेवारी व फेब्रुवारीच्या पगारचिठ्ठ्यांत पुढील फरक आढळला.
१. धुलाई भत्ता : जानेवारीत १५० रुपये, फेब्रुवारीत नाही. तो का आला नाही?
२. पतसंस्थेचा हप्ता : जानेवारीत १,५०० रुपये, फेब्रुवारीत २,०००. ५०० रुपये कशाचे वाढले?
कृपया खुलासा व्हावा. दोन्ही चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स प्रती जोडल्या आहेत.”

खाली सही, हजेरी क्रमांक आणि तारीख घातली. अर्जाच्या दोन प्रती केल्या. एक दिली, दुसरीवर पोच घेतली. मूळ चिठ्ठ्या आपल्याजवळच ठेवल्या.

चार दिवसांनी उत्तर मिळाले. धुलाई भत्त्याच्या यादीतून त्यांचे नाव चुकून गळाले होते. ते १५० रुपये मार्चच्या पगारात फरक म्हणून द्यायचे ठरले.

हप्त्याचे उत्तर वेगळे होते. कारकून म्हणाले, “भाऊ, पतसंस्था यादी पाठवते, त्याप्रमाणे आम्ही कापतो. कारण तिथे विचारा.” फिटरभाऊ पतसंस्थेत गेले. तिथे जुना कागद निघाला. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका सोबत्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती. सोबत्याचे हप्ते थकले, म्हणून वसुली जामीनदारावर आली. पगार विभागाची इथे चूक नव्हती. पण फिटरभाऊंनी पुढचे दोन प्रश्न पतसंस्थेला लेखी विचारले. एकूण किती रुपये येणे आहे? आणि माझ्याकडून किती महिने कापणार? ते कळले नाही, तर कपात कधी थांबायला हवी, हेही कळणार नाही. पतसंस्थेचे उत्तर त्यांनी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात ठेवले आणि त्याच रात्री सोबत्याच्या घरी गेले.

दुसरा महिना गेला असता, तर आणखी ५०० गेले असते आणि सोबत्याला सांगायलाही उशीर झाला असता.

सराव

१. फिटरभाऊंच्या वहीप्रमाणे आपल्या मागच्या दोन चिठ्ठ्या समोरासमोर लिहा. फुल्या किती पडल्या? मिळणाऱ्या रकमेतली घट आणि कपातीतली वाढ यांची बेरीज हाती कमी आलेल्या रकमेशी जुळते का?

२. मार्चच्या चिठ्ठीत फिटरभाऊंना धुलाई भत्ता १५० रुपये आला. फरकाची वेगळी ओळ नाही. व्यवसाय कर २०० रुपये आहे. यात काय बरोबर आहे? काय यायचे राहिले? त्यांनी कोणती एक ओळ अर्जात लिहावी?