थंड खोलीतील आर्द्रताहारक यंत्र : बर्फ का धरते, पाणी का देत नाही?

इंदूर व माळव्याच्या परिसरात सोयाबीनचे बियाणे ऑक्टोबरमध्ये हाती येते आणि पुढील जूनमध्ये पेरले जाते. त्यातील काही वाण राखीव म्हणून एक पावसाळा ओलांडून ठेवावे लागते. सोयाबीनचे बी मुळातच अल्पायुषी. प्रमाणित बियाण्यास किमान ७० टक्के उगवणशक्ती आवश्यक असते आणि दमट हवेत ठेवलेले बी ही मर्यादा लवकरच सोडते. म्हणून असे बियाणे शीतकक्षात ठेवतात व तेथील दमटपणा घालविण्यासाठी बाजारात डीह्युमिडिफायर म्हणून मिळणारे आर्द्रताहारक यंत्र बसवितात. अशा ठिकाणी एक तक्रार हमखास ऐकू येते. यंत्र रात्रंदिवस चालते, त्याच्या नळ्यांवर पांढरा बर्फ साचतो आणि खालच्या भांड्यात जेमतेम पेलाभर पाणी जमते. यंत्र सदोष आहे असा निष्कर्ष काढून ते परत पाठविण्यापूर्वी त्याचे कार्य समजून घेणे इष्ट होय.

सर्वसाधारण यंत्र कॉम्प्रेसरवर चालते. त्यातील पंखा खोलीतील हवा थंड नळ्यांवरून ओढून घेतो. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जसे थेंब जमतात, तसे हवेतील बाष्प या नळ्यांवर जमून खाली ठिबकते. मात्र त्यासाठी नळ्या हवेच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तपमानास बाष्पाचे पाणी होऊ लागते त्यापेक्षा, अधिक थंड असाव्या लागतात. पावसाळ्यात साध्या खोलीचे तपमान २७ अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे १८ अंश येतो. नळ्या ८ ते १० अंशांवर असल्या तरी पाणी भरपूर मिळते आणि बर्फाचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता शीतकक्षाचे उदाहरण घेऊ. तपमान १५ अंश, आर्द्रता ६५ टक्के आणि ती ४५ टक्क्यांवर आणावयाची आहे. आरंभी दवबिंदू साडेआठ अंशांच्या जवळपास असतो, पण ४५ टक्के गाठताना तो ३ अंशांवर उतरतो. पाणी जमण्यासाठी नळ्या याहून काही अंश थंड हव्यात, म्हणजे त्या शून्याखाली जाणार हे ओघानेच आले. अशा वेळी बाष्पाचे थेंब न होता बर्फ होतो. बर्फाचा थर नळ्यांमधील फटी बुजवितो, हवा पुढे जाईनाशी होते, नळ्यांना उष्णता मिळत नाही, त्या अधिकच थंड होतात आणि बर्फ वाढत जातो.

यावर उपाय म्हणून यंत्रात बर्फ वितळविण्याची सोय असते. साध्या यंत्रात कॉम्प्रेसर काही वेळ थांबतो व पंखा खोलीचीच हवा बर्फावरून फिरवितो. परंतु ती हवाच थंड असल्याने बर्फ वितळण्यास फार वेळ लागतो आणि तेवढा काळ पाणी काढण्याचे काम बंद पडते. काही यंत्रांत कॉम्प्रेसरमधील गरम वायू थेट शीतनळ्यांत सोडला जातो. ही यंत्रे अधिक थंडीतही टिकाव धरतात. तथापि दवबिंदू शून्याजवळ आल्यावर त्यांचाही बराचसा वेळ बर्फ करण्यात आणि वितळविण्यातच जातो.

यंत्रावरील आकड्यानेही पुष्कळदा गैरसमज होतो. ‘दिवसाला २० लिटर’ ही क्षमता बहुधा ३० अंश तपमान व ८० टक्के आर्द्रता या स्थितीत मोजलेली असते. त्या हवेच्या प्रत्येक घनमीटरात सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. १५ अंश व ६५ टक्के या स्थितीत ते केवळ ८ ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे मूळ माल तिसऱ्या हिश्शावर आला. त्यातून बर्फ वितळविण्याचा वेळ वजा केला की भांडे रिकामे का राहते याचा उलगडा होतो.

मग दोष यंत्राचा की खोलीचा, हे कसे ओळखावे? प्रथम हवेची जाळी स्वच्छ करावी व पंखा नीट फिरतो की नाही ते पाहावे. त्यानंतर यंत्र बंद करून बर्फ आपोआप वितळू द्यावा. तो सुरीने वा टोकदार वस्तूने खरवडू नये, कारण नळीस छिद्र पडले तर वायू निघून जातो. मग यंत्र २५ अंशांहून उबदार व दमट खोलीत काही तास चालवावे. तेथे बर्फ न धरता पाणी जमू लागले तर यंत्र निर्दोष आहे. तेथेही नळ्यांच्या आरंभीच्या भागावरच बर्फ धरला व उरलेल्या नळ्या कोमट राहिल्या, तर वायू कमी झाला असण्याचा संभव असतो. नळ्या मुळीच गार होत नसतील तर कॉम्प्रेसर तपासावा.

शीतकक्षासाठी दुसऱ्या जातीचे यंत्र अधिक योग्य ठरते. त्यास शोषक पद्धतीचे यंत्र म्हणतात. त्यात मधाच्या पोळ्याप्रमाणे बारीक छिद्रांचे एक चाक संथपणे फिरते. चाकावर सिलिका जेल किंवा झिओलाइटसारख्या शोषक द्रव्याचा लेप असतो. खोलीची हवा छिद्रांतून जाताना बाष्प या लेपाला चिकटते. चाकाचा तो भाग फिरून दुसऱ्या बाजूस आला की तापविलेली हवा त्यातील ओलावा बाहेर काढते. येथे हवा दवबिंदूखाली नेण्याची गरजच नसल्याने बर्फाची अडचण राहत नाही आणि शून्याजवळच्या थंडीतही यंत्र काम देते.

या लाभाचे मोलही मोजावे लागते. तापकासाठी वीज अधिक लागते व हवा पुष्कळ ऊबदार होऊन खोलीत परतते. त्यामुळे शीतकरण यंत्रावरचा भार वाढतो आणि तो आधीच हिशेबात धरावा लागतो. मोठ्या यंत्रांत ओली गरम हवा नळाने बाहेर सोडतात. अशा वेळी चाक सुकविण्यासाठी लागणारी हवाही बाहेरूनच घ्यावी. ती खोलीतून घेतली, तर जितकी हवा बाहेर जाईल तितकी पावसाळी दमट हवा दाराच्या फटींतून आत ओढली जाईल व केलेले काम वाया जाईल.

निवडीचा निर्णय त्यामुळे दवबिंदूवरून करावा. २२ ते २५ अंशांच्या दप्तरखान्यात किंवा ग्रंथालयात आर्द्रता ५५ टक्क्यांपर्यंत आणावयाची असेल, तर कॉम्प्रेसरचे यंत्र कमी विजेत काम करते. तपमान १५ अंश किंवा त्याखाली आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत हवी असेल, तर शोषक यंत्रच घ्यावे.

मात्र कोणत्याही यंत्राकडून बियाणे वाळविण्याची अपेक्षा धरू नये. ६० घनमीटरच्या शीतकक्षात १५ अंशांवर आर्द्रता ६५ वरून ४५ टक्क्यांवर आणण्यासाठी हवेतून फक्त दीडशे ग्रॅम पाणी काढावे लागते. पण त्याच खोलीतील दोन टन बियाण्याचा ओलावा १२ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणावयाचा तर ४४ किलो पाणी बाहेर पडते. हे पाणी बियाणे कक्षात येण्यापूर्वीच योग्य रीतीने वाळवून काढलेले असावे. त्यानंतर दार घट्ट बसणारे ठेवावे व ते वारंवार उघडू नये, म्हणजे आत शिरणारी थोडी ओल काढण्याचेच काम यंत्राकडे राहील.