छाप्यांची रांग आणि काट्याची पाळी

नाणेफेकीत लागोपाठ पाच वेळा छापा पडला, की आता काट्याची पाळी आली असे पाहणाऱ्याला वाटू लागते. या समजाला ‘जुगाऱ्याचा भ्रम’ म्हणतात. नाणे समतोल असेल, तर सहाव्या फेकीतही छाप्याची आणि काट्याची शक्यता निम्मी-निम्मीच असते.

हा घोटाळा दोन वेगळे प्रश्न एकत्र केल्यामुळे होतो. सहा फेका सुरू होण्यापूर्वी ‘सहाही वेळा छापा पडेल का?’ असे विचारले, तर उत्तर ६४ पैकी १ असे येते, कारण सहा फेकांचे ६४ क्रम संभवतात आणि त्यातला एकच क्रम सर्व छाप्यांचा असतो. पाच छापे पडून गेल्यावर मात्र त्या ६४ पैकी ६२ क्रम बाद झालेले असतात. उरतात दोनच: पाच छाप्यांनंतर छापा आणि पाच छाप्यांनंतर काटा. दोन्ही सारखेच संभाव्य आहेत. दुर्मीळ गोष्ट घडायची ती पहिल्या पाच फेकांतच घडून गेली. सहावी फेक तिची भरपाई करत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की फेका खूप झाल्या म्हणजे प्रमाण निम्म्यावर येतेच, मग काटे कधीतरी जास्त पडायलाच हवेत. प्रमाण निम्म्याकडे येते हे खरे, पण त्यासाठी काटे जास्त पडावे लागत नाहीत. पाच छाप्यांनंतर आणखी १,००० फेका केल्या, तर त्यांत सरासरी ५०० छापे अपेक्षित असतात. म्हणजे एकूण १,००५ फेकांत ५०५ छापे, सुमारे ५०.२५ टक्के. सुरुवातीची पाच छाप्यांची आघाडी सरासरीने तशीच राहते; फेकांची संख्या वाढल्याने प्रमाणात तिचे वजन नगण्य होते.

हा भ्रम केवढा महाग पडतो, हे इटलीतल्या सरकारी लोट्टोने दाखवून दिले. या लॉटरीत वेगवेगळ्या शहरांच्या नावाने स्वतंत्र सोडती होतात आणि प्रत्येक सोडतीत १ ते ९० मधले पाच आकडे निघतात. त्यामुळे एखादा ठरावीक आकडा निघण्याची शक्यता ९० मध्ये ५, म्हणजे १८ मध्ये १ असते. व्हेनिसच्या सोडतीत मे २००३ नंतर ५३ हा आकडा निघेनासा झाला. सोडती आठवड्यातून दोनदा होत होत्या. महिने उलटले तसे ‘आता ५३ निघणारच’ या खात्रीने लोक त्यावर वाढत्या रकमा लावू लागले. कित्येकांनी घरची शिल्लक संपवली. कर्जबाजारीपणाच्या आणि आत्महत्यांच्याही बातम्या आल्या. ९ फेब्रुवारी २००५ रोजी आकडा अखेर निघाला, तोवर त्यावर साडेतीन अब्ज युरोंहून अधिक रक्कम लागली होती.

या लोकांचा हिशेब कुठे चुकला? १८ मध्ये १ शक्यता असलेल्या आकड्यासाठी सरासरी १८ सोडती थांबावे लागते. शंभर सोडती आकडा निघाला नसेल, तरी तिथून पुढची सरासरी प्रतीक्षा पुन्हा १८ सोडतींचीच असते. आधी थांबलेला काळ त्यातून वजा होत नाही. एका आकड्यावर लावलेल्या युरोला जिंकल्यास सुमारे ११ युरो मिळत. म्हणजे दर वेळी एक युरो लावणारा सरासरीने १८ युरो घालून ११ परत मिळवतो. आकडा किती दिवस निघालेला नाही, यावर हा तोटा अवलंबून नसतो. रक्कम वाढवत नेली की तोटाही त्याच प्रमाणात वाढतो.

एखादा आकडा सुमारे १८० सोडती न निघण्याची शक्यता तीस हजारांत एकच्या आसपास येते. पण आकडे ९०, शहरे अनेक आणि सोडती वर्षानुवर्षे चालणाऱ्या. इतक्या मालिकांमधून कुठेतरी एखादी अशी लांबणे नवलाचे नाही, आणि लोकांचे लक्ष नेमके तिच्याकडेच जाते.

मागच्या निकालांवरून पुढचा अंदाज कधीच बांधता येत नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. पत्त्यांच्या कॅटमधून निघालेले पान परत ठेवले नाही, तर शक्यता खरोखर बदलते: चार एक्के निघून गेले, की पाचवा येऊच शकत नाही. लोट्टोत मात्र प्रत्येक सोडतीला नव्वदही आकडे पुन्हा आत असतात. म्हणून पैसे लावण्याआधी पाहायचे ते इतकेच, की मागच्या निकालाने पुढच्या खेळाच्या साधनात काही बदल झाला आहे का. झाला नसेल, तर ‘पाळी आली’ या तर्काला आधार नाही.

रांग फारच लांबली तर शंका घ्यावी ती नाण्यावर. पाच छापे समतोल नाण्यातही ३२ मध्ये एकदा सहज पडतात, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण सलग वीस छापे पडले, तर ही शक्यता दहा लाखांत एकहून कमी असल्याने नाणे किंवा फेकणारा तपासणे योग्य ठरते. आणि नाण्यात खोट निघालीच, तर पुढच्या फेकीत काट्यापेक्षा छाप्याचीच शक्यता जास्त असते.