स्टॉपलॉस तळाखाली, पण क्वांटिटी कशावरून?

नाशिकमध्ये ओझरचा एचएएलचा कारखाना, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती आणि द्राक्षबागा या सगळ्यांतून आलेला पैसा गेल्या काही वर्षांत शेअर बाजारात मोठ्या प्रमाणावर वळला आहे. माझ्या ओळखीतले बरेचजण आता चार्ट पाहून डिलिव्हरीत शेअर घेतात. त्यांच्यासाठी एक अनुभव सविस्तर सांगतो. त्या सौद्यात शेअरची निवड बरोबर होती, ब्रेकआउट खरा होता, स्टॉपलॉसही लावलेला होता. तरीही ठरवल्याच्या दुप्पट तोटा झाला.

शेअर एका मध्यम आकाराच्या इंजिनिअरिंग कंपनीचा होता. विक्री आणि नफा दोन्ही तिमाहीगणिक वाढत होते. ४१० वरून ६०० पर्यंत चढून शेअर थांबला आणि दोन महिने तिथेच घोटाळत राहिला. यालाच आपण बेस म्हणतो. बेस चांगला की कच्चा हे त्यातल्या घसरणींवरून कळतं. इथे पहिली घसरण ५४५ पर्यंत झाली, दुसरी ५६२ ला थांबली आणि तिसरी ५७८ ला. घसरण दर वेळी उथळ होत गेली, म्हणजे विकणारे संपत चालले होते. व्हॉल्यूमही तेच सांगत होता. रोजची सरासरी दोन लाख शेअरची होती, ती शेवटच्या पंधरवड्यात एक लाखाच्याही खाली आली.

मग एके दिवशी साडेपाच लाखांच्या व्हॉल्यूमवर शेअरने ६०० ओलांडले आणि दिवसाच्या उच्चांकाजवळ ६०८ ला बंद झाला. विल्यम ओ'नील या अमेरिकी गुंतवणूकदाराने ब्रेकआउटच्या दिवशी व्हॉल्यूम सरासरीपेक्षा किमान ४० ते ५० टक्के जास्त हवा असं सांगितलं आहे. इथे तो पावणेतीन पट होता. तरी एक गोष्ट मी त्या संध्याकाळी तपासली. एक्सचेंज रोज बल्क डीलची यादी जाहीर करतं. त्यात या शेअरचं नाव असतं, तर एका मोठ्या विक्रेत्याने एका मोठ्या खरेदीदाराला माल दिला आणि त्यानेच व्हॉल्यूम फुगला अशी शक्यता राहिली असती. यादीत नाव नव्हतं. दिवसभरात हजारो छोट्या-मोठ्या सौद्यांतून खरेदी झाली होती.

दुसऱ्या दिवशी ६०६ ला शेअर मिळाला. भांडवल १० लाख, एका सौद्यातला धोका एक टक्का, म्हणजे १०,००० रुपये. स्टॉप शेवटच्या घसरणीच्या तळाखाली, ५७६ ला. दर शेअरमागे धोका ३० रुपये. १०,००० ला ३० ने भागलं की ३३३ शेअर. गुंतले सुमारे २ लाख रुपये.

माझ्या एका स्नेह्यांनीही तोच शेअर त्याच भावाला घेतला. त्यांचंही भांडवल १० लाख आणि धोकाही एकच टक्का. मात्र स्टॉप आणखी जवळ हवा म्हणून त्यांनी तो ब्रेकआउटच्या दिवसाच्या तळाखाली, ५९४ ला लावला. दर शेअरमागे धोका फक्त १२ रुपये, म्हणून क्वांटिटी ८३३. गुंतवणूक ५ लाखांच्या वर, अर्धं भांडवल एका शेअरमध्ये. कागदावर दोघांचा धोका सारखाच दिसत होता.

शेअर ६२२ पर्यंत गेला. मग बाजार बंद झाल्यावर तिमाही निकाल आले. विक्री वाढली होती, पण नफ्याचं प्रमाण घसरलं होतं. सकाळी पहिलाच सौदा ५४८ ला झाला. ५९४ आणि ५७६ या दोन्ही भावांना शेअर विकण्याची संधीच कुणाला मिळाली नाही.

माझी जीटीटी ऑर्डर होती : ट्रिगर ५७६, लिमिट ५७३. ट्रिगर लागला, ऑर्डर एक्सचेंजवर गेली आणि तशीच पडून राहिली. लिमिट ऑर्डरचा अर्थच ५७३ पेक्षा कमी भावाला विकू नका असा आहे, आणि बाजार ५४८ वर होता. ती रद्द करून मी ५४६ ला बाहेर पडलो. दर शेअरमागे ६० रुपये गेले. माझा तोटा १९,९८०, म्हणजे दोन टक्के. स्नेह्यांनीही ५४६ लाच विकले. त्यांचा तोटा ४९,९८०, भांडवलाच्या पाच टक्के.

स्टॉपलॉस हा भाव सलग उतरत असतानाच काम करतो. गॅप पडला की तोटा स्टॉपच्या अंतरावर ठरत नाही, तो गुंतवलेल्या एकूण रकमेवर ठरतो. म्हणून स्टॉप जितका जवळ तितकी क्वांटिटी मोठी, आणि क्वांटिटी जितकी मोठी तितका गॅपचा फटका मोठा. वाढीच्या शेअरमध्ये हे जास्त घडतं, कारण त्यांच्या भावात मोठी अपेक्षा आधीच धरलेली असते. मोठी अपेक्षा मोडली की घसरणही मोठी होते, हे सगळ्या बाजारालाही लागू आहे. ३ जून २०२४ ला एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी विक्रमी पातळीवर गेला आणि दुसऱ्याच दिवशी, लोकसभा निकालाच्या दिवशी, ५.९३ टक्के कोसळला. आपल्या ओझरमुळे नाशिककरांच्या आवडीचा एचएएलचा शेअर त्या एका दिवसात दहा टक्क्यांहून अधिक उतरला.

तेव्हापासून मी क्वांटिटी दोन प्रकारे काढतो आणि त्यातली कमी असेल ती घेतो. पहिली नेहमीची : एक टक्का धोका भागिले स्टॉपचं अंतर. दुसरी गॅपची : शेअर एका रात्रीत १५ टक्के खाली उघडला तर तोटा भांडवलाच्या तीन टक्क्यांपुढे जाता कामा नये. १० लाखांवर तीन टक्के म्हणजे ३०,०००. १५ टक्के घसरणीत तेवढेच जावेत, तर गुंतवणूक २ लाखांच्या आत हवी. ६०६ च्या भावाला ३३० शेअर. माझे ३३३ या मर्यादेच्या काठावर होते, स्नेह्यांचे ८३३ अडीच पट होते.

स्टॉप जवळ हवा, पण किती जवळ यालाही माप आहे. शेअरची दिवसाच्या उच्चांक-नीचांकातली सरासरी तफावत काढा. या शेअरची ती १६ रुपयांच्या आसपास होती. १२ रुपयांचा स्टॉप एखाद्या साध्या दिवशीही उडाला असता, कारण ब्रेकआउटनंतर भाव ६०० च्या थोडा खाली जाऊन परत येणं नेहमीचंच असतं. ३० रुपयांचा स्टॉप बेसमधल्या शेवटच्या घसरणीच्या तळाखाली होता. तिथे भाव आला, तर बेस मोडला असंच म्हणावं लागतं. आणि हा तळ भावापासून आठ टक्क्यांहून लांब असेल तर स्टॉप ओढून जवळ आणू नका, तो सौदा सोडा.

निकालाची तारीख कंपनीला एक्सचेंजला आधी कळवावी लागते, ती खरेदीपूर्वी पाहा. निकाल आठवड्यावर असेल आणि हाती अजून पुरेसा नफा नसेल, तर मी आदल्या दिवशी निम्मा माल विकतो. डिलिव्हरीच्या शेअरवर जीटीटी लावलेली असेल, तर ब्रोकरकडे डीडीपीआय दिलेलं आहे का तेही तपासा. ते नसेल आणि त्या दिवशी टीपिन टाकून परवानगी दिलेली नसेल, तर ट्रिगर लागूनही विक्री अडकू शकते. पाच टक्क्यांचं सर्किट असलेले शेअर मात्र मी या पद्धतीने घेतच नाही. लोअर सर्किटला खरेदीदार नसतो आणि तीन दिवस ओळीने सर्किट लागलं, तर स्टॉप असूनही १४ टक्के जातात.

हे सगळं ऑर्डर टाकण्यापूर्वी, बाजार बंद असताना वहीत लिहा : खरेदीचा भाव, स्टॉप, दोन्ही क्वांटिटी आणि निकालाची तारीख. पहिली क्वांटिटी दुसरीपेक्षा खूप मोठी दिसली, तर तुमचा स्टॉप वाजवीपेक्षा जवळ आहे असं समजा आणि लहान आकडाच ब्रोकरच्या स्क्रीनवर भरा.