बुटाची टोपी स्टीलची की कंपोझिटची?

प्रश्न : फणसवाडीत जुनी चाळ पाडून नवी इमारत उभी राहतेय, तिथे मी सुपरवायझर आहे. स्टील टोच्या बुटात पाय भाजून निघतात. कंपोझिट घेऊ का?

उत्तर : घ्या, पण पाय लगेच गार होतील असं समजू नका. स्टील उन्हात तापतं हे खरं, पण उकाड्याचं मोठं कारण बंद रेक्झिन आणि घाम न शोषणारं अस्तर. आधी चामड्याचा, जाळीदार अस्तराचा बूट आणि घाम शोषणारे मोजे वापरून पाहा.

संरक्षणात फरक नाही. आयएस १५२९८ भाग २ नुसार दोन्ही टोप्यांना २०० जूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे साधारण २० किलोचं वजन एक मीटरवरून पडल्याइतका. कंपोझिट हलकी असते, पण जाड असल्याने बूट पुढून फुगीर होतो. मोठा फटका बसला की टोपी कुठलीही असो, बूट बाद करा.

तुमच्या साइटवर मला जास्त भीती खिळ्यांची वाटते. जुन्या लाकडी तुळया आणि फळ्यांतले खिळे सोलमधून थेट तळव्यात जातात, तिथे टोपीचा काय उपयोग? म्हणून खिळेरोधक मधला थर असलेलाच बूट मागा. सोलही तपासून घ्या. पीयू सोल हलका आणि मऊ असतो, पण दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होतो. वापर नसला तरीही. अंगठ्याने दाबा. चुरा पडला तर तो बूट घालू नका.