व्ह्यूज आले, पण आले कुठून?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. गटाने कुरडईचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला होता आणि २८ दिवसांत त्याला ८१२ व्ह्यूज मिळाले होते. सगळ्याजणी खूश होत्या. अध्यक्षताई म्हणाल्या, "एवढ्या लोकांनी बघितलं म्हणजे मागणी आहेच. गटातून अंतर्गत कर्ज घेऊ आणि दोन क्विंटल गहू आणू." ठराव लिहायला सचिवताईंनी रजिस्टरही उघडलं होतं.

मी म्हटलं, "ताई, ठराव लिहा, पण आधी पाच मिनिटं फोन द्या." मग आम्ही त्या ८१२ ची फोड करून बघितली. तीच फोड आजच्या धड्यात शिकूया.

रिपोर्ट कुठे सापडतो?

ज्या फोनवरून व्हिडिओ टाकता त्या फोनमध्ये YouTube Studio नावाचं वेगळं ॲप घ्या. ते फुकट आहे. गटाच्या चॅनेलच्याच ईमेलने ते उघडा. खाली Content वर जाऊन आपला व्हिडिओ निवडा, मग Analytics आणि त्यात Reach. थोडं खाली सरकलात की How viewers find this video असं लिहिलेली यादी दिसेल. फोनची भाषा मराठी असेल तर हीच नावं मराठीत दिसतील. वर तारखांचा कालावधी बदलता येतो. सुरुवातीला शेवटचे २८ दिवस ठेवा. अगदी ताजे आकडे यायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून आज टाकलेल्या व्हिडिओचा हिशेब आजच मांडू नका.

यादीत बरीच नावं असतात, पण आपल्याला मुख्यतः चार बघायची आहेत.

YouTube search म्हणजे बाईने स्वतः शोधपट्टीत काहीतरी लिहिलं किंवा बोलली आणि आपला व्हिडिओ समोर आला. Suggested videos म्हणजे ती दुसरा व्हिडिओ बघत होती आणि त्याच्या खाली किंवा बाजूला आपला दिसला. Browse features म्हणजे यूट्यूब उघडल्यावर पहिल्या पानावर, किंवा सबस्क्राइब केलेल्या चॅनेलच्या यादीत आपला दिसला. External म्हणजे यूट्यूबच्या बाहेरून, व्हॉट्सॲप किंवा फेसबुकवर पाठवलेली लिंक दाबून कोणी आलं.

बाजाराच्या भाषेत सांगायचं तर सर्च म्हणजे नाव विचारत आलेलं गिऱ्हाईक, सजेस्टेड म्हणजे शेजारच्या दुकानातून डोकावलेलं, ब्राउज म्हणजे रस्त्याने जाताना पाटी दिसली म्हणून थांबलेलं आणि एक्सटर्नल म्हणजे आपण हाताला धरून आणलेलं.

त्या ८१२ ची फोड

गटाच्या व्हिडिओचा हिशेब असा निघाला:

- External: ५६०
- Browse features: ९०
- Suggested videos: ६५
- YouTube search: ४१
- बाकीचे सगळे: ५६

म्हणजे शंभरातले ६९ व्ह्यूज बाहेरच्या लिंकवरून. External वर बोट ठेवलं की आणखी आत जाता येतं. तिथे ५६० पैकी ५३१ व्हॉट्सॲपचे निघाले. सचिवताई लगेच म्हणाल्या, "हे तर आम्हीच पाठवलेलं! ग्रामसंघाच्या ग्रुपवर, माहेरच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर." बरोबर. ती सगळी ओळखीची माणसं. त्यातल्या निम्म्याहून जास्त बायका स्वतःच्या घरी कुरडया घालतात.

मग सर्चचे ४१ उघडले. तिथे कोणते शब्द लिहून लोक आले ते दिसतं. ४१ पैकी २७ वेळा गटाचंच नाव लिहिलेलं होतं! म्हणजे तीही ओळखीचीच माणसं, लिंक सापडली नाही म्हणून नाव टाकून आलेली. सर्चचा आकडा दिसला की लगेच "नवीन लोक आले" असं समजू नका. आत जाऊन शब्द वाचायचेच. उरले १४.

सजेस्टेडमध्येही तसंच. आत गेलं की कोणत्या व्हिडिओच्या शेजारून लोक आले ते कळतं. ६५ पैकी ३८ गटाच्याच हळदी-कुंकवाच्या व्हिडिओवरून आले होते. दुसऱ्यांच्या व्हिडिओवरून आलेले फक्त २७.

आता बेरीज करा. कुरडई शोधत किंवा दुसऱ्याचं बघता बघता आलेले १४ आणि २७, म्हणजे ४१. ब्राउजच्या ९० मध्ये ओळखीचे किती आणि नवे किती हे रिपोर्ट सांगत नाही. ते सगळे नवे धरले तरी १३१ होतात. शिवाय व्ह्यू म्हणजे माणूस नव्हे. एकीने तीनदा बघितलं तर तीन व्ह्यूज. दोन क्विंटल गव्हाचं कर्ज एवढ्यावर काढायचं का? अध्यक्षताईंनी रजिस्टर मिटलं.

दुसरा व्हिडिओ काय सांगतो?

त्याच गटाचा आणखी एक व्हिडिओ होता. चीक शिजवताना गुठळ्या का होतात आणि सोऱ्यातून घालताना कुरडई का तुटते, एवढंच त्यात दाखवलं होतं. नावही तेच दिलं होतं. तो कुठल्याच ग्रुपवर पाठवायचा राहून गेला. पहिल्या आठवड्यात फक्त ३८ व्ह्यूज, म्हणून सगळ्यांनी तो सोडून दिला होता.

आम्ही त्याचे शेवटचे २८ दिवस काढले. एकूण २१४ व्ह्यूज. त्यात सर्चचे १३७, सजेस्टेडचे ४४, ब्राउजचे १५, बाहेरचे ९ आणि बाकीचे ९. सर्चच्या शब्दांमध्ये "कुरडई चीक", "कुरडई तुटते" आणि इंग्रजी अक्षरांत kurdai recipe. गटाचं नाव कुठेच नाही. म्हणजे आकडा लहान, पण जवळपास सगळे अनोळखी.

दोन्ही व्हिडिओंमधला आणखी एक फरक तारखा बदलल्यावर दिसला. पहिल्याचे व्हॉट्सॲपचे व्ह्यूज पहिल्या तीन-चार दिवसांतच आले आणि मग थांबले. आपण ग्रुपवर टाकलेली लिंक दुसऱ्या दिवशी "शुभ सकाळ"च्या खाली गाडली जाते. दुसऱ्याचे व्ह्यूज मात्र थोडे थोडे रोज येत होते, आणि कुरडया घालायचे दिवस जवळ आले तसे वाढत गेले.

पण इथेही घाई नको. "कुरडई तुटते" असं शोधणारी बाई स्वतः घरी करते आहे. तिला युक्ती हवी आहे, तयार कुरडई नको. कुणी "कुरडई विकत", "कुरडई घरपोच", "कुरडई भाव" असं शोधून आलं असेल तर ते गिऱ्हाईक. असे शब्द दोन्ही व्हिडिओंत एकही नव्हते. माणूस कुठून आलं हे स्रोत सांगतो, कशासाठी आलं हे त्याने लिहिलेले शब्द सांगतात.

गटाने काय ठरवलं?

कर्ज काढलं नाही. गटाच्या बचतीतून ५० किलो गहू घेतला. व्हॉट्सॲपवर बघणारे ओळखीचेच आहेत हे कळल्यावर त्यांनाच सरळ विचारलं: पुण्या-मुंबईला राहणाऱ्या कुणाला तयार कुरडया हव्यात का? आगाऊ ३४ किलोची मागणी नोंदली गेली. दुसऱ्या व्हिडिओखालच्या माहितीत "तयार कुरडई मिळेल" असं लिहून गटाचा नंबर दिला, आणि शीर्षकात मराठीबरोबर kurdai हा शब्दही घातला. त्यावरून आजवर तीन अनोळखी फोन आले. तीनच, पण ते कुठून आले हे गटाला नक्की माहीत आहे.

वाचताना होणाऱ्या चुका

पहिली चूक म्हणजे नुसते टक्के वाचणं. समजा, एका महिन्यात ४०० व्ह्यूज आहेत आणि त्यात सर्चचे ४०, म्हणजे १० टक्के. पुढच्या महिन्यात ग्रुपवर लिंक टाकली नाही म्हणून एकूण १०० झाले, सर्चचे तेच ४०. आता टक्के ४० दिसतील. वाटेल की सर्च चौपट वाढला, पण एकही माणूस वाढलेलं नाही. म्हणून टक्क्यांशेजारी आकडाही लिहा.

दुसरी चूक म्हणजे ब्राउजच्या भरतीवर भरवसा ठेवणं. पहिल्या पानावर काय दाखवायचं ते यूट्यूब ठरवतं. एखाद्या आठवड्यात ३०० येतील, पुढच्या आठवड्यात १०. आनंद माना, पण त्यावर मालाची खरेदी ठरवू नका.

तिसरी गोष्ट रिपोर्टच्या मर्यादेची. लिंकऐवजी व्हिडिओची फाइलच व्हॉट्सॲपवर पाठवली, तर ती कितीजणींनी बघितली ते या रिपोर्टमध्ये येत नाही. म्हणून लिंकच पाठवा. काही व्ह्यूज Direct or unknown मध्ये दिसतात. लिंक सरळ टाकून आलेले किंवा वाट न कळलेले त्यात असतात, त्यामुळे व्हॉट्सॲपचा आकडा हा कमीत कमी आकडा समजा. आणि हा सगळा हिशेब मोठ्या व्हिडिओंचा आहे. शॉर्ट्सचे बहुतेक व्ह्यूज Shorts feed या वेगळ्या नावाखाली येतात, ते यात मिसळू नका.

पुढच्या बैठकीपर्यंत करायचं काम

गटाच्या वहीत एक पान आखा. एका व्हिडिओला एक ओळ. रकाने असे: एकूण व्ह्यूज, सर्च, सजेस्टेड, ब्राउज, बाहेरचे. शेवटी एक मोठा रकाना ठेवा आणि त्यात लोकांनी शोधलेले पहिले पाच शब्द जसेच्या तसे लिहा. त्यातल्या गटाच्या किंवा ताईंच्या नावाखाली रेघ ओढा. रेघ नसलेले शब्द बाहेरच्या माणसांचे.

महिन्यातून एकदाच, ठरलेल्या तारखेला ही ओळ भरा. तीन महिन्यांच्या तीन ओळी झाल्या की पान घेऊन ग्रामसंघाच्या बैठकीला या, एकत्र बसून वाचू. आणि तोपर्यंत कुणी "व्ह्यूज खूप आले, माल वाढवूया" म्हणालं, तर आधी विचारा: आले कुठून?

तुमची,
क्षेत्र समन्वयक