राजीनाम्यापूर्वीची मसलत

शासकीय नोकरी सोडून खाजगी क्षेत्रात जावे की न जावे, हा प्रश्न स्थापत्य अभियंत्यांपुढे चाळिशीच्या सुमारास हटकून येतो, आणि तो आला की मनुष्य चार जणांचा सल्ला घेतो. पण ते चार जण कोण आणि प्रत्येकाला नेमके काय विचारावयाचे, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. आमच्या खात्यातील माझ्या एका स्नेह्याच्या बाबतीत जे घडले ते मी जवळून पाहिले असल्याने, आणि पुढे तोच प्रसंग माझ्यावर आला तेव्हा त्या पाहण्याचा मला फार उपयोग झाला असल्याने, दोन्ही हकिकती येथे सांगतो.

हे गृहस्थ उपअभियंत्याच्या हुद्द्यावर होते. पुण्यातील एका सल्लागार संस्थेने त्यांना जवळजवळ दुप्पट पगार देऊ केला तेव्हा त्यांनी एकट्याच्या बुद्धीने काही केले नाही. आम्हा सहकाऱ्यांना विचारले, एका निवृत्त अधीक्षक अभियंत्यांची भेट घेतली, आणि त्यांचे महाविद्यालयातील जे मित्र पूर्वीच खाजगी क्षेत्रात गेले होते त्यांच्याशीही ते बोलले. आम्ही सर्वांनी आम्हाला जे वाटले ते त्यांना प्रामाणिकपणे सांगितले. काम त्यांच्या आवडीचे होते, त्यांच्या अंगी धडाडी होती, तेव्हा जावे असेच बहुतेकांचे मत पडले. त्यांनी राजीनामा दिला, तो रीतसर मंजूर झाला, आणि त्यानंतर काही महिन्यांनी त्यांस कळून आले की आपली सेवा एकोणीस वर्षे व काही महिने इतकीच भरली होती.

याचा अर्थ खात्याबाहेरच्या वाचकांसाठी स्पष्ट करतो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 प्रमाणे राजीनामा दिला असता मागील सर्व सेवा जप्त होते; योग्य परवानगीने दुसऱ्या शासकीय पदावर जाण्यासाठी दिलेला राजीनामा तेवढा याला अपवाद आहे. याउलट वीस वर्षांची अर्हताकारी सेवा पुरी केलेल्या कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची लेखी सूचना देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर त्याचे निवृत्तिवेतन अबाधित राहते. आणखी काही महिने कळ काढली असती तर हे गृहस्थ त्याच पुण्याच्या नोकरीवर निवृत्तिवेतनासह रुजू झाले असते. भविष्य निर्वाह निधीतील स्वतःची रक्कम त्यांच्या पदरी पडली. मासिक निवृत्तिवेतन, सेवानिवृत्ती उपदान आणि पश्चात पत्नीला मिळू शकणारे कुटुंब निवृत्तिवेतन, ही तिन्ही गेली. सल्ला देणाऱ्या आम्हा सर्वांत आस्थापना शाखेत काम केलेला एकही मनुष्य नव्हता. आम्ही सारे अभियंते होतो, आणि पाच जणांना विचारूनही त्यांना वस्तुतः एकाच माणसाचे उत्तर मिळाले होते.

पुढे मला तसाच प्रस्ताव आला तेव्हा कोणाला विचारावे यापेक्षा कोणता प्रश्न कोणाचा आहे, हे मी आधी ठरविले. नियमांचा प्रश्न मी आस्थापना शाखेतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेल्या एका भाऊसाहेबांकडे नेला. प्रस्ताव चांगला की वाईट, हे त्यांस मी विचारलेच नाही. सेवापुस्तकाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि वीस वर्षे कोणत्या तारखेस भरतात एवढेच विचारले. त्यांनी रजेच्या नोंदींवरून बोट फिरवीत वाचले आणि म्हणाले, “साहेब, वडिलांच्या आजारपणात आपण असाधारण रजा काढली होती. ती वैद्यकीय प्रमाणपत्रावरची नाही, ती धरता येणार नाही. तारीख तेवढी पुढे जाईल.” पंचांगाप्रमाणे भरलेली वीस वर्षे आणि नियमाप्रमाणे भरलेली वीस वर्षे यांत असे अंतर पडू शकते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मी त्या संस्थेला पत्र लिहून रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून मागितली आणि त्यांनी ती विनातक्रार दिली.

दुसरा प्रश्न माझ्या वकुबाचा होता, आणि त्यासाठी मी पूर्वी माझ्या हाताखाली काम केलेल्या व आता दुसऱ्या विभागात गेलेल्या एका कनिष्ठ अभियंत्याला बोलाविले. वरिष्ठाला आपले काम दिसते, आपली कामाची रीत दिसत नाही. ती हाताखालच्या माणसालाच ठाऊक असते, मात्र तो आपल्या अधिकाराखालून मुक्त झालेला असला तरच ती बोलून दाखवितो. त्याने पुष्कळ आढेवेढे घेऊन सांगितले, “साहेब, मोजमाप आणि देयकाची तपासणी यांत आपला हात कोणी धरणार नाही, पण पैशासाठी कोणाच्या दारात जाऊन बसणे आपल्याकडून होणार नाही.” खाजगी संस्थेत तर त्या पदाकडे ग्राहकाकडून थकलेली रक्कम वसूल करण्याचे कामही असते. त्याच्या या एका वाक्यावरून मी वसुलीची जबाबदारी वगळून मागितली, आणि त्यापोटी पगारात थोडी घट स्वीकारली.

तिसरा मनुष्य असा हवा की जो तोच पल्ला ओलांडून काही वर्षे पलीकडे राहिला आहे. नुकताच गेलेला उत्साहात असतो. तीन-चार वर्षे झालेला अधिक स्थिर बोलतो. आणि जाऊन परत निघालेला कोणी सापडला तर त्याला अवश्य भेटावे. अशा माणसाला ‘मी जाऊ का?’ असे विचारू नये. पहिल्या वर्षी काय घडले, कोणते काम हाताबाहेर गेले, पगार कधी लांबला का, हे विचारावे. कारण आपला निर्णय त्याच्या मतापेक्षा त्याच्या हकिकतीवर अधिक भक्कम उभा राहतो.

घरच्या मंडळींना मी या यादीत धरीत नाही. पत्नी या निर्णयात सल्लागार नसून पक्षकार आहे. तिची संमती हवी, आणि ती सर्व आकडे तिच्यापुढे मांडून घेतली पाहिजे. त्याचप्रमाणे आपण गेल्याने ज्याची पदोन्नती जवळ येते किंवा आपण राहिल्याने ज्याचे काम हलके होते, त्याचे म्हणणे आदराने ऐकावे, परंतु त्यावर विसंबू नये. सज्जन माणसाचाही हितसंबंध त्याच्या नकळत बोलतो.

एकाचे उत्तर दुसऱ्याला आधी सांगू नये, नाहीतर दुसरा पहिल्याशीच वाद घालीत बसतो. जो उलट एकही प्रश्न न विचारता तत्काळ निकाल देतो, त्याचा तो विषय नव्हे असे समजावे. आणि ज्यांस विचारले त्यांस शेवटी आपण काय केले ते जरूर कळवावे. गरजेपुरती आठवण ठेवणाऱ्याला दुसऱ्यांदा कोणी मनापासून सांगत नाही. ही मंडळी कायमची मानण्याचेही कारण नाही. भाऊसाहेबांचे ज्ञान माझ्या पिढीला पुरले. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर सेवेत आलेल्यांची निवृत्तिवेतनाची व्यवस्था निराळी झाली, तेव्हा त्यांनी आजचे नियम रोज हाताळणारा मनुष्य शोधला पाहिजे.

ज्या तरुण सहकाऱ्यांच्या खिशात आज असे एखादे नेमणूकपत्र असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की राजीनाम्याचा मसुदा लिहिण्यापूर्वी आपले सेवापुस्तक मागवून घ्या, आणि ते वाचता येणाऱ्या माणसासमोर बसून पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत वाचवून घ्या.