फ्लॅपची कड

जिवतीच्या पठारावर मालमोटार बाळगणाऱ्याच्या वाट्याला येणारा माल जाताना एक आणि येताना अगदी दुसऱ्या स्वभावाचा असतो. माणिकगडच्या डोंगररांगेवरून गडचांदूर-राजुऱ्याकडे उतरताना गाडीत कापूस असतो, जो डोळ्यांना डोंगराएवढा दिसला तरी चाकांना फारसा जाणवत नाही. आणि परतताना, घाटाचा चढ समोर असताना, त्याच गाडीत गडचांदूरच्या परिसरातील कारखान्यांचे सिमेंट, पन्नास-पन्नास किलोंच्या गोण्यांनी रचलेले, काठोकाठ भरलेले असते. याच कारणाने आमच्या कुटुंबाच्या जुन्या मालमोटारीच्या मागील चाकांना ९.००-२० या मापाच्या नायलॉन टायरांऐवजी १०.००-२० या मापाचे टायर घालावेत, अशी तजवीज झाली. त्यासाठी सात इंची रिमा काढून साडेसात इंची रिमाही चढविल्या गेल्या. इथवर सर्व यथाशास्त्र होते. परंतु टायर बसवून देणाऱ्या दुकानात, ट्यूबा आणि फ्लॅप ‘अजून चांगले आहेत’ या सबबीवर, जुनेच आत घातले गेले; आणि पुढे जे जे घडले त्याचे मूळ त्या एका वाक्यात होते.

लक्षण प्रथम असे दिसले की मागील आतल्या चाकाची हवा वारंवार जाऊ लागली. जोडचाकातले आतले चाक हे मोठे फसवे असते. बाहेरचे चाक त्याचा भार मुकाट्याने उचलते, गाडी तिरपी होत नाही, आणि चालकाला खबर लागेपर्यंत बाहेरचा टायरही अतिभाराने तापून निघालेला असतो. ट्यूब काढावी, ठिगळ लावावे, पुन्हा भरावी, आणि दोन-चार फेऱ्यांनंतर पुन्हा तेच. पंक्चर काढणाऱ्याने दरवेळी टायरच्या आतून हात फिरवून खिळा शोधला, परंतु काटा किंवा खिळा कधीच सापडला नाही. शेवटी गडचांदूरच्या एका वयोवृद्ध फिटराने ती ट्यूब हातात घेतली, थोडी हवा भरून गोल केली, आणि म्हणाला, “भाऊ, खिळा शोधू नका. खिळा असता तं टायरलेही भोक पडलं असतं न. हे सारे ठिगळं एका रेषेत कसे आले, ते पाहा.”

तेथून पुढे त्या ट्यूबचा जो पंचनामा झाला, तो प्रत्येक गाडीवाल्याने स्वतः करावा इतका सोपा आहे. ट्यूब जमिनीवर अंथरून पाहावी की छिद्र कोणत्या बाजूस आहे. रस्त्याकडच्या अंगास असेल तर दोष बहुधा खिळ्याचा. रिमेकडच्या अंगास असेल तर टायर निर्दोष आहे आणि रिम, फ्लॅप किंवा वॉल्व्ह यांपैकी एक अपराधी आहे. आमच्या ट्यूबवरील सर्व ठिगळे रिमेकडच्या अंगास होती, आणि त्या सर्वांना सांधणारी एक फिकट, घासलेली रेघ ट्यूबच्या परिघाभोवती जवळजवळ पूर्ण फिरलेली होती. फ्लॅप शेजारी ठेवून पाहता ती रेघ फ्लॅपच्या कडेशी तंतोतंत जुळली.

याचे कारण समजण्यासाठी फ्लॅपचे कार्य ध्यानी घेतले पाहिजे. मालमोटारीची रिम एकसंध नसते. टायर चढविता यावा म्हणून तिच्या एका बाजूस काढता येणारी रिंग आणि तिला धरून ठेवणारी लॉक रिंग असते, आणि या तुकड्यांच्या सांध्यात, तसेच वॉल्व्हच्या खाचेपाशी, धारदार कडा असतात. टायरच्या दोन बीडांमध्ये रिमेचा जो उघडा पट्टा उरतो, तेथे ट्यूब धातूला भिडू नये म्हणून फ्लॅप घालतात. त्याची खरी कसोटी मध्यभागी नसून कडेला असते: फ्लॅपच्या दोन्ही कडा बीडाच्या आतील टोकावरून पलीकडे जाऊन टायरच्या आतल्या भिंतीवर सपाट निजल्या पाहिजेत. आमच्या सातइंची रिमेसाठी घेतलेला फ्लॅप अर्ध्या इंचाने रुंद रिमेवर गेला, म्हणजे प्रत्येक बाजूस पाव इंच कमी पडला. शिवाय वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने त्याच्या कडा ताठ होऊन वळल्या होत्या, आणि तो किंचित एका बाजूस सरकून बसला होता. तीन लहान दोष एकत्र आले आणि कड नेमकी बीडाच्या टोकावर येऊन थांबली. प्रत्येक फेऱ्यात, भार पडला की टायर चपटा होई, ट्यूब त्या कडेवर दाबली जाई, आणि भार सरकला की ती सुटे. असे घर्षण सिमेंटाच्या भाराखाली घाटभर चालत असता ट्यूबने टिकावे तरी कशाच्या जोरावर?

उलट बाजूचा दोषही तितकाच घातक आहे. रिमेच्या मानाने फ्लॅप फार रुंद असला तर त्याच्या कडांना सपाट निजायला जागा उरत नाही; त्या दुमडतात, आणि त्या दुमडीत ट्यूब चिमटली जाते. म्हणून ‘मोठा फ्लॅप अधिक सुरक्षित’ ही कल्पना सोडून द्यावी. फ्लॅपवरील आकड्यांचा शिरस्ता उत्पादकागणिक निरनिराळा असतो. कोणी टायरचे माप छापतो, कोणी रिमेचा व्यास आणि रुंदी, कोणी दोन्ही. तेव्हा खरेदीच्या वेळी टायरचे माप आणि रिमेवर ठोकलेले माप ही दोन्ही कागदावर लिहून न्यावीत. दुकानदाराने केवळ ‘वीसचा फ्लॅप’ म्हणून पुढे केला तर त्यावर समाधान मानू नये, कारण वीस हा केवळ व्यास झाला.

ट्यूबच्या बाबतीतही आमच्या गाडीत तोच प्रकार घडला होता. ९.०० ची ट्यूब १०.०० च्या टायरमध्ये भरली असता ती फुगून जागा भरून काढते खरी, परंतु ताणून. म्हणजे रबर पातळ होते, वॉल्व्हच्या बुडाशी आणि सांध्याच्या ठिकाणी ताण एकवटतो, आणि ठिगळाच्या कडा सुटू लागतात. याउलट टायरपेक्षा मोठी ट्यूब घातली तर जास्तीचे रबर कुठे तरी सुरकुतते, आणि सुरकुतीची घडी स्वतःवरच घासून चिरते. जुनी ट्यूब तर छापील मापाची असूनही पूर्वीची राहत नाही, कारण वापराने ती कायमची वाढलेली असते. म्हणूनच नव्या टायरात नवी ट्यूब आणि नवा फ्लॅप हा नियम दुकानदाराच्या लोभातून निघालेला नाही. काही ट्यूबांवर दोन मापे छापलेली असतात, जसे ७.००/७.५०-१६, ती दोन्ही मापे ग्राह्य धरावीत, तिसरे आपल्या मनाने जोडू नये. मापात आडव्या रेघेच्या जागी इंग्रजी ‘आर’ हे अक्षर असेल तर टायर रेडियल आहे. त्याच्या भिंती अधिक वाकतात, म्हणून त्यात रेडियलसाठी म्हणून विकली जाणारी ट्यूबच घालावी.

नव्या ट्यूबा आणि फ्लॅप आणल्यानंतर त्या फिटराने जे केले, ते वेळखाऊ असले तरी मला फार महत्त्वाचे वाटते. टायरच्या आतील वाळू आणि जुन्या रबराचा भुगा त्याने कापडाने पुसून काढला, संगजिऱ्याची पूड पातळ फासली, ट्यूब केवळ गोल होईल इतकीच हवा भरून आत ठेवली, आणि वॉल्व्ह फ्लॅपच्या भोकातून काढून फ्लॅपला कुठे पीळ पडला नाही ना, हे बोटांनी परिघभर चाचपले. रिंग बसविल्यावर थोडी हवा भरली, मग वॉल्व्हमधील पिन काढून ती सर्व सोडून दिली, आणि नंतर पुन्हा पूर्ण दाबाने भरली. पहिल्या भरण्यात ट्यूब जिथे अडकते तिथे ताणली जाते. हवा सोडली की ती मोकळी होऊन आपल्या जागी निजते. आमच्या बाजूला ही दुसऱ्यांदा भरण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. हवा भरताना त्याने चाक साखळीने जखडून लॉक रिंग जमिनीकडे ठेवली होती आणि स्वतः बाजूस उभा होता. नीट न बसलेली रिंग दाबाखाली सुटली तर ती माणसाचा जीव घेते, ही गोष्ट या धंद्यात कोणी विसरू नये.

जीपचे शास्त्र याहून सोपे आहे, आणि तरीही तेथे लोक उगाच गुंता करतात. जुन्या विलीज जीपचे टायर ६.००-१६ मापाचे, आणि तिची रिम मध्यभागी खोल असलेली एकसंध. अशा रिमेला रिंगांचे सांधे नसल्यामुळे फ्लॅप लागत नाही. ‘संरक्षणासाठी’ म्हणून मालमोटारीचा फ्लॅप कापून आत घातला तर तो त्या खोलगट भागात गोळा होतो आणि ट्यूबला नवीन शत्रू निर्माण करतो. गंजलेली रिम असेल तर ती खरवडून रंगवावी, फ्लॅपने झाकू नये. लष्करी लिलावातून आलेल्या काही जीपांना मात्र दोन अर्धे बोल्टांनी जोडलेल्या रिमा असतात. त्यांचे बोल्ट हवा पूर्ण काढल्याखेरीज सैल करणे म्हणजे आत्मघात होय.

जीपमध्ये खरी गफलत होते ती वॉल्व्हची. सोळा इंची ट्यूबा दोन जाडींच्या रबरी वॉल्व्हसह मिळतात: टीआर १३ हा सुमारे साडेअकरा मिलिमीटरच्या भोकासाठी, आणि टीआर १५ हा सुमारे सोळा मिलिमीटरच्या भोकासाठी. ट्यूबचे माप अचूक असूनही मोठ्या भोकात बारीक वॉल्व्ह आला, तर हवेच्या दाबाने वॉल्व्हचे बूड भोकात ओढले जाते आणि तेथील रबर गोलाकार फाटते. अशी फाटलेली ट्यूब ठिगळाने टिकत नाही. भोक मोजण्यास साधन नसेल तर जुना वॉल्व्ह कापून दुकानात नमुना म्हणून न्यावा. आणि टीआर १५ ची ट्यूब मिळतच नसेल तर बारीक वॉल्व्हवर चढविण्याचा रबरी कॉलर मागून घ्यावा.

आमच्या मालमोटारीच्या मागील चारही चाकांत १०.००-२० च्या नव्या ट्यूबा आणि साडेसात इंची रिमेचे फ्लॅप पडल्यानंतर ती विशिष्ट रेघ पुन्हा कोणत्याही ट्यूबवर उमटली नाही. खिळ्यांचे पंक्चर अर्थातच होत राहिले, कारण तेवढे रस्त्याच्या हाती आहे. मात्र ज्या रिमेची लॉक रिंग बसण्याची खाच गंजाने खाल्ली गेली आहे, तिच्यावर कितीही अचूक मापाचा फ्लॅप घातला तरी उपयोग नाही. अशी रिम दुरुस्त करून वापरू नये, दुसऱ्या गाडीलाही देऊ नये, ती भंगारात वजनावर विकून टाकावी.